आलेली फाईल उघडत का नाही, आणि उघडली तर जाते कुठे?

आज फोनवर येणाऱ्या फायलींबद्दल बोलायचं आहे. फोटो आणि व्हिडिओ तर लहान पोरंही उघडतात. पण ऑर्डरचा तक्ता, बँकेचा अर्ज, सातबारा, आधार, बैठकीचं पत्र असं काही आलं की गाडी अडते. बोट लावलं तर उघडत नाही, उघडलं तर भलत्याच अॅपमध्ये उघडतं, आणि नीट उघडलेली फाईल दुसऱ्या दिवशी शोधायला गेलं तर सापडत नाही.

मी घाटकोपरला झेरॉक्स आणि प्रिंटच्या दुकानात बसते. गावाकडून कामासाठी आलेल्या बायका फोन पुढे करतात आणि म्हणतात, “ताई, यात कागद आहे, पण तो निघत नाही.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावरच बोलायचं ठरवलं. मी सांगते ते अँड्रॉइड फोनचं आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकींकडे तोच असतो. बटणांची नावं इंग्रजीत पडद्यावर दिसतात तशीच सांगते. तुमचा फोन मराठीत लावलेला असेल तर शब्द मराठी दिसतील, आणि कंपनीप्रमाणे एखादा शब्द इकडचा तिकडे होईल, पण वाट तीच.

पहिली गोष्ट फाईलच्या नावाची. नावाच्या शेवटी एक टिंब असतं आणि टिंबानंतर तीन-चार अक्षरं. `.pdf` म्हणजे छापील कागदासारखी फाईल, वाचायची, बदलायची नाही. `.docx` म्हणजे टाइप केलेलं पत्र. `.xlsx` म्हणजे रकान्यांचा हिशेबाचा तक्ता. `.jpg` म्हणजे फोटो. आपण डब्यावर ‘हळद’, ‘तिखट’ अशी चिठ्ठी लावतो ना, तशी ही शेवटची अक्षरं. फोन डब्याचं झाकण उघडून बघत नाही, चिठ्ठी वाचतो आणि त्या जिन्नसासाठी कोणतं अॅप आहे ते शोधतो. अॅप नसेल तर उघडता येत नाही असा निरोप देतो. चिठ्ठीच नसेल तर गोंधळतो. आणि दोन-तीन अॅप असतील तर तुम्हालाच विचारतो, कशात उघडू?

आता एक ऑर्डर घेऊ, म्हणजे सगळं एका जागी दिसेल. बांद्र्याला महालक्ष्मी सरसचं प्रदर्शन भरतं तेव्हा राज्यभरातले बचत गट तिथे माल घेऊन येतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंडहून गिऱ्हाइकं येतात, चव आवडली की फोन नंबर घेऊन जातात, आणि पुढे व्हॉट्सअॅपवर ऑर्डर पाठवतात. रायगड जिल्ह्यातल्या पापडाच्या एका गटाला मुलुंडच्या एका सोसायटीतून अशीच ऑर्डर आली. तिथल्या बायकांनी घरोघरी विचारून सगळी मागणी एका तक्त्यात भरली आणि `Order_Mulund.xlsx` नावाची फाईल पाठवली. सोबत निरोप, दर भरून परत पाठवा.

गटाच्या सचिवताईंच्या फोनवर ती उघडेचना. उघडायला अॅप नाही असा निरोप येई. त्यांना वाटलं फाईलच खराब आहे. फाईल चांगली होती. त्या फोनमध्ये तक्ता वाचणारं अॅप नव्हतं, एवढंच. प्ले स्टोअरमधून गुगल शीट्स घेतलं की हे काम होतं. ते फुकट आहे, आणि पत्रासाठी त्याचंच भावंड गुगल डॉक्स. अशा वेळी बायका जाहिरातीत दिसेल ते ‘ऑल फाईल ओपनर’ उतरवून घेतात. ते नको. निम्मा वेळ जाहिराती दाखवतात आणि उरलेल्या वेळात पैसे मागतात.

अॅप असूनही उघडत नसेल तर आणखी एक बघा. व्हॉट्सअॅपवर फाईलच्या शेजारी खाली जाणारा बाण दिसतोय का? बाण असेल तर फाईल अजून तुमच्या फोनवर उतरलेलीच नाही, नुसतं नाव दिसतंय. बाणावर बोट लावा आणि गोल फिरायचं थांबेपर्यंत थांबा. फोनमध्ये जागा संपली असेल तर ती अर्ध्यात अडकते. आणि फाईल बरेच आठवडे न उतरवता तशीच ठेवली असेल तर ती नंतर मिळतच नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगावं लागतं. म्हणून कामाची फाईल आली की त्याच दिवशी उतरवून घ्यावी.

तर शीट्स उतरवलं, फाईल उघडली. तक्त्यात नावं, फ्लॅट नंबर, उडदाचे पापड किती किलो, सगळं होतं. बेरीज 26 किलो. गटाने तेवढ्याचं पीठ काढायची तयारी सुरू केली. पण ऑर्डर 45 किलोची होती! उरलेली 19 किलो गेली कुठे? तर तक्त्याच्या फाईलमध्ये एकाहून जास्त पानं असू शकतात. त्यांची नावं पडद्याच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतात. इथे पहिल्या पानाचं नाव होतं `A Wing` आणि त्याच्या शेजारी `B Wing`. फाईल उघडली की एकच पान समोर येतं. शेजारच्या नावावर बोट लावल्याशिवाय दुसरं दिसत नाही. किलोला 380 रुपये दर धरला तर 19 किलोचे 7,220 रुपये होतात, आणि वर बी विंगच्या बायकांची नाराजी. म्हणून तक्ता उघडला की आधी तळाशी बघा, किती पानं आहेत. मग बोटाने उजवीकडे सरकवून बघा, रकाने कुठे संपतात. फोनचा पडदा अरुंद, शेवटचा रकाना बाहेरच राहतो. एखाद्या चौकोनात आकड्याऐवजी `#####` असं दिसलं तर घाबरू नका, रकाना आकड्यापेक्षा अरुंद आहे इतकाच त्याचा अर्थ. आकडा आत शाबूत असतो, चौकोनावर बोट लावलं की वर दिसतो.

माझं मत विचाराल तर ऑर्डर घेताना एकूण किलो आणि एकूण घरं किती, हे पाठवणारीकडून फोनवर तोंडी विचारून घ्यावं. फाईलमधली बेरीज आणि तोंडी बेरीज जुळली की निर्धास्त.

पुढची भानगड दर भरताना झाली. सचिवताईंनी शीट्समध्ये दर भरले, सगळं नीट दिसत होतं. मग व्हॉट्सअॅप उघडून तिथून ती फाईल शोधून पाठवली, आणि मुलुंडहून निरोप आला, दराचा रकाना रिकामाच आहे. कारण असं की व्हॉट्सअॅपमध्ये आलेली मूळ फाईल जशीच्या तशी राहते. तुम्ही त्यात लिहायला लागता तेव्हा अॅप त्याची वेगळी प्रत करतं आणि तुमचं लिखाण त्या प्रतीत जातं. गुगल शीट्समध्ये ही प्रत बहुतेक वेळा गुगल ड्राइव्हवर जाऊन बसते. सचिवताईंनी पाठवली ती मूळ फाईल. भरलेली प्रत पाठवायची तर ज्या अॅपमध्ये भरली तिथूनच पाठवावी. शीट्समध्ये वर कोपऱ्यात तीन टिंबं असतात, त्यावर बोट लावा, मग `Share & export`, मग `Send a copy`. तिथे ते विचारतं कोणत्या प्रकारात पाठवू. समोरच्याला नुसतं वाचायचं असेल तर `PDF` निवडा, पुढे हिशेब करायचा असेल तर एक्सेल. मग व्हॉट्सअॅपचं चित्र निवडून त्या बाईच्या नावावर पाठवा. पाठवल्यावर आपणच पाठवलेली फाईल एकदा उघडून बघायची, दर दिसतात का. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता भलत्या अॅपचं. पहिल्यांदा पीडीएफ उघडताना फोन दोन-तीन अॅपची नावं दाखवतो आणि खाली दोन बटणं, `Just once` आणि `Always`. घाईत आपण `Always` दाबतो. मग फोन ते वचन पाळतो, कायमचं. माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, त्यांची प्रत्येक पीडीएफ एका स्कॅनरच्या अॅपमध्ये उघडायची, आधी जाहिरात, मग ‘वर्षाचे पैसे भरा’. त्यांनी दोनदा फोन दुरुस्तीला दिला होता. फोनला काहीच झालं नव्हतं.

हे वचन मोडता येतं. आधी कोणतं अॅप मधे येतंय ते ओळखा. चुकीचं अॅप उघडलेलं असतानाच फोनचं चौकोनाचं बटण दाबा. चौकोन नसेल तर खालून वर बोट सरकवून क्षणभर थांबा. उघडी अॅप पत्त्यांसारखी दिसतात, आणि त्या पत्त्यावर चित्र किंवा नाव दिसतं. ते लक्षात ठेवा. मग `Settings`, त्यात `Apps`, त्यात ते अॅप, आणि त्यात `Open by default`. तिथे `Clear default preferences` किंवा `Clear defaults` असं काहीतरी असतं, ते दाबा. फाईल पुसली जात नाही, अॅपही जात नाही, फक्त वचन मोडतं. पुढच्या वेळी फोन पुन्हा विचारेल. तेव्हा ड्राइव्हचं पीडीएफ वाचणारं अॅप निवडा, आणि खात्री होईपर्यंत `Just once` वर ठेवा. ते स्कॅनरचं अॅप लागतच नसेल तर सरळ काढून टाका, प्रश्नच मिटला.

कधी फाईल योग्य अॅपमध्ये उघडते आणि तरी वाचता येत नाही. मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांची खिचडी दिसते. यात तुमच्या फोनचा दोष नाही. पत्र कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात टाइप केलेलं असतं. त्या टंकात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठी मुखवटा असतो. तो टंक तुमच्या फोनमध्ये नाही, म्हणून मुखवटा गळतो. कोणतंही अॅप घातलं तरी फरक पडत नाही. पाठवणाऱ्याला एवढंच सांगा, “पीडीएफ करून पाठवा.” पीडीएफमध्ये अक्षरांचा आकार सोबत येतो, त्यामुळे सहसा नीट दिसतं.

आणि आधारची फाईल. यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवलेलं ई-आधार उघडताना पासवर्ड मागतं, आणि बायकांना वाटतं फाईल बंद पडली. पासवर्ड तुमच्याकडेच आहे. आधारवर इंग्रजीत जसं नाव आहे त्याची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत, आणि लगेच पुढे जन्माचं साल. नाव `SUNITA` आणि साल 1984 असेल तर `SUNI1984`. मधे मोकळी जागा नाही. नाव तीनच अक्षरांचं असेल आणि पुढे आडनाव वगैरे काही नसेल तर तीनच अक्षरं आणि साल. लग्नानंतर घरात नाव बदललं असलं तरी आधारवर जे आहे तेच चालतं. इथेच बऱ्याच जणी अडतात. एक मधलं सांगते. दुकानात प्रिंट काढायला आधार पाठवलंत तर प्रिंट हातात आल्यावर समोर उभं राहून ती फाईल दुकानाच्या फोनमधून आणि कॉम्प्युटरमधून पुसायला लावा. आम्हाला राग येत नाही.

आता हरवलेल्या फायलींकडे येऊ. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो गॅलरीत दिसतो, म्हणून बायका कागदही गॅलरीत शोधतात. तिथे फोटो आणि व्हिडिओच दिसतात, पीडीएफ नाही. मग त्या `Download` फोल्डरमध्ये बघतात, तिथेही नसते. कारण व्हॉट्सअॅप आपल्या फायली स्वतःच्या खोलीत ठेवतं, आणि ती खोली घराच्या अगदी मागच्या अंगाला आहे. अँड्रॉइड 11 आल्यापासून प्रत्येक अॅपला स्वतःपुरती जागा द्यायचा नियम कडक झाला, तेव्हापासून व्हॉट्सअॅपचा पत्ता असा लांबलचक झाला:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents
```

हा पाठ करायची गरज नाही. दोन सोप्या वाटा आहेत. पहिली व्हॉट्सअॅपमधूनच. ज्या बाईने किंवा ज्या ग्रुपवर फाईल आली, तिथे वर नावावर बोट लावा, खाली `Media, links and docs` दिसेल, त्यात `Docs`. त्या नावाकडून आलेल्या सगळ्या फायली तारखेप्रमाणे रांगेत दिसतात. शेकडो ‘सुप्रभात’मधून वर वर सरकत बसायला नको. दुसरी वाट `Files` अॅपची. ते बऱ्याच फोनमध्ये आधीपासून असतं, नसेल तर प्ले स्टोअरवर `Files by Google` मिळतं. त्यात `Documents` वर बोट लावलं की फोनमध्ये कुठल्याही खोलीत असलेले कागद एकत्र दिसतात.

पण इथे एक गंमत आहे, आणि ती माहीत नसली की डोकं फिरतं. व्हॉट्सअॅपमध्ये फाईलचं नाव `Order_Mulund.xlsx` दिसतं, पण खोलीत ठेवताना ते तिचं नाव बदलू शकतं. मग ती अशी दिसते: `DOC-20240915-WA0003.xlsx`. यात मधला आकडा म्हणजे साल, महिना, दिवस, म्हणजे 15 सप्टेंबर 2024, आणि `WA` म्हणजे व्हॉट्सअॅप. नावाने शोधलं तर सापडणार नाही, तारखेने शोधावं लागतं. कधी कधी तर नाव `DOC-20240915-WA0003.` असं टिंबावरच संपतं, पुढची अक्षरं नसतातच. डबा आहे, चिठ्ठी गळली. अशी फाईल बोट लावून उघडत नाही, आणि सरकारी साइटवर अर्जाला जोडायला गेलं तर घेतली जात नाही. उपाय सोपा आहे. व्हॉट्सअॅपच्या त्या निरोपात फाईलच्या नावाखाली बारीक अक्षरात `PDF` किंवा `XLSX` लिहिलेलं असतं, ते बघा. मग `Files` मध्ये त्या फाईलवरची तीन टिंबं, `Rename`, आणि शेवटी टिंबानंतर `pdf` लिहा. पीडीएफच असेल तर लगेच उघडते. फोटोच्या नावापुढे मात्र `pdf` लिहून पीडीएफ होत नाही. हळदीच्या डब्यावर तिखटाची चिठ्ठी लावल्यासारखं ते.

कामाची फाईल व्हॉट्सअॅपच्या खोलीत ठेवू नये. अॅप काढून पुन्हा टाकलं, फोन बदलला, किंवा जागा करायला पोरांनी चॅट पुसताना फायलीही पुसल्या, की ती जाते. `Files` मध्ये तीन टिंबांतून `Copy to` निवडा, मग `Internal storage`, मग `Documents`, आणि तिथे गटाच्या नावाचा एक फोल्डर करून त्यात ठेवा. नाव आपल्याला कळेल असं द्या, ‘मुलुंड ऑर्डर दिवाळी’, मराठीत चालतं. जीमेलवर आलेल्या फाईलचं जरा वेगळं आहे. तिथे बोट लावलं की ती नुसती दिसते, फोनवर राहत नाही. बाणाचं चिन्ह दाबलं तरच उतरते, आणि ती मात्र `Download` मध्येच जाते.

आता शेवटची अक्षरं बघायची सवय का लावायची, त्याचं सगळ्यात मोठं कारण. नाव `.apk` वर संपत असेल तर ती फाईल नाही, ते अॅप आहे, उघडायला गेलात की फोनमध्ये घुसतं. `Wedding Invitation.apk`, `RTO Challan.apk` अशा नावांनी हे व्हॉट्सअॅपवर फिरतात, कधी ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्या बाईचा फोन आधीच फसलेला असतो. हे अॅप तुमचे निरोप वाचतं, बँकेचा ओटीपीही त्यातच येतो. खरी लग्नपत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असते, ती कधी `Install` म्हणत नाही. फाईल उघडताना `Install` हा शब्द किंवा ‘अनोळखी अॅपला परवानगी द्या’ असं काही आलं की मागे फिरा आणि पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. घातलंच गेलं असेल तर लगेच विमानाचं चिन्ह दाबून फोनचं नेट आणि नेटवर्क बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा, पैसे गेले असतील तर 1930 या नंबरवर तक्रार नोंदवा, आणि मग ते अॅप काढा. आधीच दार बंद करायचं असेल तर `Settings` मध्ये शोधायच्या जागी `Install unknown apps` लिहा. अॅपची यादी येईल. त्यात व्हॉट्सअॅपपुढे `Not allowed` असलं पाहिजे. नसेल तर आत जाऊन बंद करा.